खिशातही गुरगुर, मनगटावरही

भाजीवाल्याला यूपीआयने पैसे दिले की बहुतेकदा बँकेचा एसएमएस येतो, पेमेंट अ‍ॅप कळवतं आणि बँकेचं स्वतःचं अ‍ॅपही तेच सांगतं. स्मार्टवॉच असेल तर या तीनही सूचना अनेकदा आधी फोनवर थरथरतात, मग मनगटावर. एका व्यवहारासाठी सहा धक्के. यात दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि त्या वेगवेगळ्या सोडवाव्या लागतात.

पहिली अडचण निवडीची. घड्याळ जोडताना बहुतेक जण सगळ्या अ‍ॅपना एकदम परवानगी देऊन मोकळे होतात. त्याऐवजी सगळी बंद करावीत आणि एकेक चालू करावं. कसोटी सोपी आहे: फोन हातात नसताना ही गोष्ट लगेच कळायला हवी का? फोन कॉल, घरच्यांचे मेसेज, दारात आलेलं पार्सल या कसोटीला उतरतात. पेमेंट अ‍ॅप उतरत नाही, कारण पैसे देताना फोन हातातच असतो. बँकेचा एसएमएस मात्र ठेवावा, कारण आपण न केलेला व्यवहार त्यातून चटकन लक्षात येतो. एखादं अ‍ॅप हवं, पण त्याच्या जाहिराती नकोत, असं असेल तर अँड्रॉइडवर त्याची सूचना दाबून धरावी आणि सेटिंग्जमध्ये जाऊन फक्त ऑफर्सचा प्रकार बंद करावा. ही सोय २०१७च्या अँड्रॉइड ८पासून आहे. मात्र अ‍ॅपने तसे प्रकार पाडलेले असावे लागतात.

दुसरी अडचण दुहेरी थरथरीची. अ‍ॅपल वॉचमध्ये ती सहसा येत नाही: आयफोन उघडा असेल तर सूचना फोनवर येते, लॉक असेल तर घड्याळावर. कॉल मात्र दोन्हीकडे वाजतो. सॅमसंगच्या गॅलेक्सी वॉचसाठी फोनवरच्या Galaxy Wearable अ‍ॅपमध्ये, घड्याळाच्या सूचनांच्या सेटिंगमध्ये Mute notifications on phone हा पर्याय मिळतो. तो चालू केला की घड्याळ हातावर असेपर्यंत फोन गप्प राहतो. एवढं करूनही मनगटावर एकच मेसेज दोनदा आला, तर तेच अ‍ॅप घड्याळातही वेगळं बसवलेलं आहे का ते पाहावं. तसं असेल तर फोनवरून येणारी प्रत आणि घड्याळाची स्वतःची सूचना, यांतली एक बंद करावी.

स्वस्त घड्याळांमध्ये फोन गप्प करण्याची सोय अनेकदा नसते. तिथे फोनच्याच सेटिंगमध्ये जाऊन सूचनांचं व्हायब्रेशन बंद करावं लागतं, कॉलचं तसंच ठेवून. याची किंमत एवढीच, की घड्याळ चार्जिंगला लावलेलं असताना फोनही मुका राहतो.

शेवटी तपासून पाहावं. फोन लॉक करून टेबलावर ठेवावा आणि घरातल्या कुणाला मेसेज पाठवायला सांगावं, मग फोन उघडा असताना पुन्हा एकदा. दोन्ही वेळा एकच धक्का बसला, तर सेटिंग जमलं.