4769 : डोमेन कंट्रोलरच्या वहीतली एक नोंद

जळगाव एमआयडीसीतला कारखाना असो, शिक्षणसंस्था असो की धुळ्यात शाखा असलेली सहकारी पेढी, विंडोजचे पन्नास-शंभर संगणक एका जाळ्यात आले की त्यांच्यामागे एक डोमेन कंट्रोलर बसतो. सकाळी कार्यालय उघडले की प्रत्येकाचा पासवर्ड तोच तपासतो. फाइल सर्व्हर, डेटाबेस, बॅकअप अशा कोणत्याही सेवेकडे जाण्याआधी संगणक त्याच्याकडून त्या सेवेचे तिकीट मागून घेतो. या व्यवस्थेचे नाव कर्बेरॉस. ती अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९८०च्या दशकात तयार झाली आणि विंडोज २०००पासून मायक्रोसॉफ्टने ती आपल्या डोमेनचा कणा केली. सेवेचे तिकीट दिले की डोमेन कंट्रोलर आपल्या सिक्युरिटी लॉगमध्ये एक नोंद करतो. तिचा क्रमांक 4769.

ही नोंद महत्त्वाची का, हे कळायला आधी चोरी कशी होते ते पाहावे लागते. सेवेचे तिकीट त्या सेवेच्या खात्याच्या पासवर्डपासून बनलेल्या किल्लीने बंद केलेले असते. आणि डोमेनमधला कोणीही, अगदी कालच रुजू झालेला कारकूनसुद्धा, कोणत्याही सेवेचे तिकीट मागू शकतो. त्या सेवेत प्रवेश द्यायचा की नाही हे पुढे ती सेवा ठरवते. डोमेन कंट्रोलर मागणाऱ्याला अडवत नाही. एखाद्या साध्या खात्यात घुसलेला चोर नेमके एवढेच करतो. डेटाबेस, बॅकअप, वेब अशा सगळ्या सेवांची तिकिटे मागतो आणि ती आपल्या संगणकावर नेऊन त्यांवर एकेक पासवर्ड लावून पाहतो. कुलूप उचलून घरी न्यावे आणि निवांत किल्ल्या लावत बसावे, तसा हा प्रकार. टिम मेडिन यांनी २०१४ साली तो जाहीरपणे मांडला आणि त्याला कर्बेरोस्टिंग हे नाव पडले.

किल्ली लागेपर्यंत किती वेळ जाईल, हे कूटपद्धतीवर ठरते. जुन्या आरसी४ पद्धतीत किल्ली म्हणजे पासवर्डचा साधा हॅश. त्यात सॉल्ट नाही, फेऱ्या नाहीत, त्यामुळे साध्या ग्राफिक कार्डावरही अंदाज झपाट्याने तपासता येतात. एईएस पद्धतीत मात्र प्रत्येक अंदाजासाठी तेच गणित ४,०९६ वेळा करावे लागते. म्हणून चोराची अवजारे बहुतेकदा मुद्दाम आरसी४चे तिकीट मागतात, आणि ती मागणी नोंदीत उतरते. नोंदीचा कामाचा भाग असा दिसतो :

```
Event ID: 4769
Account Name: lekha3@SANSTHA.LOCAL
Service Name: svc_sql
Client Address: ::ffff:10.20.4.31
Ticket Encryption Type: 0x17
Failure Code: 0x0
```

0x17 म्हणजे आरसी४. एईएसची तिकिटे 0x12 किंवा 0x11 अशी दिसतात. 0x0 म्हणजे तिकीट दिले गेले.

आता जळगावला मुख्य कार्यालय आणि धुळ्याला शाखा असलेली एक काल्पनिक संस्था घेऊ. दोन्हीकडे एकेक डोमेन कंट्रोलर आहे. सकाळी दहाच्या सुमारास दोन्ही लॉगमध्ये 4769 चा नुसता पाऊस पडतो. पण त्यातली बहुतेक सेवानावे `$` या खुणेने संपतात, म्हणजे ती संगणकांची स्वतःची खाती असतात. त्यांचे पासवर्ड लांबलचक, आपोआप तयार झालेले आणि साधारण महिन्याला बदलणारे असतात; ते फोडण्याच्या नादी कोणी लागत नाही. ही नावे आणि `krbtgt` बाजूला काढली की गर्दी ओसरते. उरतात ती माणसांनी बनवलेली, माणसांनी पासवर्ड दिलेली सेवाखाती.

शनिवारी दुपारी धुळ्याच्या लॉगमध्ये `lekha3` या खात्याच्या नावावर नऊ सेकंदांत चौदा नोंदी पडतात. चौदाही सेवा वेगळ्या, चौदाही तिकिटे 0x17, संगणक मात्र एकच. हे खाते लेखा विभागातल्या कर्मचाऱ्याचे आहे. एरवी दिवसभरात त्याला फाइल सर्व्हर आणि एखादा डेटाबेस पुरतो. शिवाय मिळालेले तिकीट साधारणपणे दहा तास चालते, त्यामुळे पुन्हा पुन्हा मागायची गरजही नसते. बॅकअप, वेब आणि चाचणीचा जुना डेटाबेस या सगळ्यांचे या माणसाला एकाच क्षणी काय काम पडले, याचे सरळ उत्तर मिळत नाही.

त्याच दिवशी जळगावच्या लॉगमध्येही 0x17च्या साठ नोंदी आहेत, पण तिथे घाबरण्यासारखे काही नाही. साठही नोंदी एकाच जुन्या हिशेबप्रणालीच्या सेवाखात्याच्या आहेत आणि मागणारे वेगवेगळे कर्मचारी आहेत. त्या खात्याचा पासवर्ड इतका जुना आहे की डोमेनमध्ये एईएस येण्याआधीचा. त्याच्याजवळ एईएसची किल्लीच नाही, म्हणून प्रत्येक तिकीट आरसी४चे निघते. तेव्हा नोंदींची संख्या मोजून भागत नाही. एका खात्याने थोड्या वेळात किती वेगवेगळ्या सेवा मागितल्या, हे मोजायचे. पाच मिनिटांत पाच वेगळ्या सेवा, अशा मर्यादेपासून सुरुवात करावी आणि आपल्याकडची नेहमीची चाल पाहून ती वरखाली करावी. सुरक्षातपासणीची स्कॅनर खाती मर्यादा ओलांडतात. ती नावानिशी वगळावीत, पण ठरलेल्या संगणकावरून आली तरच.

या पहाऱ्याला दोन भोके आहेत. पहिले, प्रत्येक डोमेन कंट्रोलर फक्त स्वतः दिलेल्या तिकिटांची नोंद करतो. जळगावात बसून फक्त जळगावचा लॉग वाचणाऱ्याला धुळ्याच्या चौदा नोंदी दिसणारच नाहीत. सगळे लॉग एके ठिकाणी गोळा करावे लागतात, आणि `Audit Kerberos Service Ticket Operations` हे धोरण प्रत्येक कंट्रोलरवर चालू असावे लागते. दुसरे, सावध चोर दिवसाला एकच तिकीट मागतो किंवा एईएसचेच मागतो. तो या चाळणीतून निसटतो. त्याच्यासाठी आमिष ठेवतात : आकर्षक नावाचे, लांब पासवर्डाचे, कोणीही न वापरणारे सेवाखाते. त्याच्या नावावर एक जरी 4769 पडली, तरी कोणीतरी सेवा चाचपत आहे एवढे नक्की.

नोंद खरी ठरली की 10.20.4.31 हा संगणक जाळ्यातून काढायचा आणि `lekha3` बंद करायचे. पण काम तिथे संपत नाही, कारण तिकिटे आधीच बाहेर गेलेली असतात. पासवर्ड फोडण्याचे काम चोराच्या संगणकावर चालते. त्याची ओळही आपल्या लॉगमध्ये उमटत नाही. म्हणून ज्या चौदा सेवांची तिकिटे गेली, त्या चौदाही खात्यांचे पासवर्ड बदलायचे. पंचवीसहून अधिक अक्षरी आणि यादृच्छिक. जिथे जमेल तिथे विंडोज स्वतःच पासवर्ड सांभाळेल असे व्यवस्थापित सेवाखाते वापरायचे. हिशेबप्रणालीच्या खात्याचा पासवर्ड बदलला की त्याला एईएसची किल्ली मिळते आणि प्रणालीला ती पद्धत चालत असेल, तर रोजच्या साठ खोट्या नोंदीही थांबतात.

मे २०२४ मध्ये अमेरिकेतल्या असेन्शन या रुग्णालय-समूहावर हल्ला झाला. चोरांनी त्यात कर्बेरोस्टिंग वापरले, असे सिनेटर रॉन वायडन यांनी सप्टेंबर २०२५ मधल्या पत्रात लिहिले आणि आरसी४ अजून चालू ठेवल्याबद्दल मायक्रोसॉफ्टला दोष दिला. छप्पन लाखांच्या आसपास लोकांची माहिती त्या हल्ल्यात गेली.

आपल्या कार्यालयात डोमेन कंट्रोलर असेल, तर त्याची देखभाल करणाऱ्याला दोन प्रश्न विचारा : सगळ्या कंट्रोलरवरची 4769 ची नोंद एके ठिकाणी येते का, आणि सेवाखात्यांचे पासवर्ड शेवटचे कधी बदलले? दुसऱ्याचे उत्तर वर्षांत मिळाले, तर पहिल्याची वाट न पाहता पासवर्ड बदलून घ्या.