बंप चार्टवर आरसीबीची २०२४ची चढण

आडव्या अक्षावर फेऱ्या, उभ्या अक्षावर क्रमांक. पहिला नंबर वर हवा, म्हणून उभा अक्ष उलटा करायचा. प्रत्येक संघाची एक रेष. दोन रेषा जिथे छेदतात, तिथे एकाने दुसऱ्याला मागे टाकलेलं असतं.

आयपीएल २०२४ काढून बघा. आठ सामन्यांत एकच विजय मिळवून आरसीबी तळाला, दहाव्या स्थानी होती. मग सलग सहा विजय, आणि रेष थेट चौथ्या स्थानावर!

पण हा चार्ट फक्त क्रमांक दाखवतो, अंतर नाही. चौथ्या आरसीबीपासून सातव्या लखनौपर्यंत चारही संघांचे गुण सारखेच, १४ होते. क्रम नेट रनरेटने ठरला. म्हणून शेवटच्या फेरीत रेषेच्या टोकाला गुणही लिहा.