जागच्या जागी हरवलेली नोंद

जावाच्या `HashMap` मध्ये नोंद कोणत्या कप्प्यात ठेवायची, हे किल्लीच्या मजकुरावरून काढलेला आकडा ठरवतो. समजा, किल्ली म्हणून `[1, 2]` ही यादी दिली. तिचा आकडा ९९४. सुरुवातीच्या १६ कप्प्यांपैकी ती २ क्रमांकाच्या कप्प्यात जाते. पुढे कुणीतरी त्याच यादीला ३ जोडला. आता आकडा ३०८१७, म्हणून शोध १ क्रमांकाच्या कप्प्यात. तो रिकामा, उत्तर `null`, तक्रार काहीच नाही. बरं, नवी `[1, 2]` बनवून विचारलं तर? कप्पा बरोबर सापडतो, पण आतली किल्ली `[1, 2, 3]` झालेली, जुळत नाही. सगळा संग्रह छापला की मात्र नोंद समोर हजर! पायथन इथे खमका आहे: यादीला किल्ली करू पाहताच `TypeError`. जावात `List.copyOf` ने काढलेली, न बदलणारी प्रत किल्ली म्हणून द्यावी.