विक्री वाढली ती डिस्काउंटमुळे की सणामुळे? मागणी वक्रावरची हालचाल आणि वक्राचं सरकणं

मागणी वक्राचा व्हिडिओ पाहून झाल्यावर बरेच जण एकाच ठिकाणी अडकतात. ‘किंमत बदलली की मागणी बदलते’ हे वाक्य पाठ असतं, पण दुकानात विक्री खालीवर झाली की नेमकं काय घडलं ते सांगता येत नाही. आज तेवढंच नीट समजून घेऊ. साताऱ्याचा कंदी पेढा आणि सांगलीची हळद, ही दोन उदाहरणं पुरेत.

आधी एक कागद घ्या. उभ्या रेषेवर किलोचा भाव लिहा, आडव्या रेषेवर दिवसाला किती किलो विकलं जातं ते. समजा साताऱ्यात तुमचं पेढ्याचं दुकान आहे. साध्या दिवसांत ४८० रुपये भावाने १० किलो पेढा जातो आणि ४४० ने १२ किलो. हे दोन ठिपके जोडले की झाला तुमचा मागणी वक्र. तुम्ही ४८० चा बोर्ड काढून ४४० चा लावला, तर गिऱ्हाईक याच रेषेवर एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर गेलं. रेषा जागची हलली नाही. ही झाली वक्रावरची हालचाल. बारावीच्या पुस्तकात याला मागणीचा विस्तार आणि संकोच म्हणतात.

आता गणपती आले. घराघरात नैवेद्य, पुण्या-मुंबईहून गावी आलेली माणसं, परत जाताना सोबत न्यायचे बॉक्स. भाव तोच ४८०, पण पेढा जातो १६ किलो. हा १६ चा ठिपका जुन्या रेषेवर कुठेच बसत नाही, त्याच्यासाठी उजवीकडे नवी रेषा काढावी लागते. म्हणजे अख्खा वक्रच सरकला. पुस्तकात याला मागणीतील वृद्धी म्हणतात आणि उलट झालं तर ऱ्हास.

ओळखायची खूण साधी आहे. त्या मालाचा आपला स्वतःचा भाव बदलल्यामुळे विक्री बदलली असेल तर हालचाल. भाव तोच असताना दुसऱ्या कशाने तरी बदलली असेल, म्हणजे सण, पगार, हवामान, आवड, शेजारचं दुकान, तर वक्र सरकला.

चूक पहिली : सणाचं श्रेय डिस्काउंटला देणं

नवीन दुकानदार सर्वात जास्त पैसे इथे घालवतात. गणपतीत ‘खास ऑफर, ४४० रुपये किलो’ असा बोर्ड लावला आणि विक्री १० वरून २० किलोवर गेली. मालक खूश, ‘डिस्काउंटने धंदा डबल केला!’ खरंच केला का? हिशोब करू.

समजा दूध, साखर, गॅस, मजुरी, बॉक्स धरून एका किलोला ३६० रुपये खर्च येतो. साध्या दिवशी ४८० ने १० किलो विकले तर किलोमागे १२० सुटतात, म्हणजे दिवसाला १,२०० रुपये. ऑफरमध्ये किलोमागे ८० सुटतात, २० किलोचे झाले १,६०० रुपये. मालकाच्या मते ऑफरने ४०० रुपये मिळवून दिले.

पण ऑफर नसती तरी १६ किलो जाणारच होता. १६ गुणिले १२० म्हणजे १,९२० रुपये. म्हणजे वक्र सरकल्यामुळे ७२० रुपये वाढले आणि ऑफरने त्यातले ३२० खाल्ले. दहा दिवसांत ३,२०० रुपये गेले, आणि गल्ला भरलेला दिसतो म्हणून ते कळतही नाही. ही ऑफर परवडायला २४ किलोच्या वर विक्री जायला हवी होती, कारण २४ गुणिले ८० केले तेव्हा कुठे ते १,९२० होतात.

‘ऑफर नसती तर १६ किलो गेला असता’ हे कळणार कसं? वहीतून. गेल्या वर्षीच्या गणपतीत ऑफर नसेल तर तेच आकडे बघा. नाहीतर यंदा काही दिवस जुन्या भावाने आणि काही दिवस ऑफरने विकून पाहा. फक्त तुलना करताना दिवस सारखे घ्या. गौरी जेवणाचा दिवस आणि मधला एखादा सुना दिवस शेजारी ठेवले तर पुन्हा सण आणि भाव यांची खिचडी होईल.

चूक दुसरी : ‘माल महागला, मागणी संपली’

आता सांगलीला येऊ. २०२० साली करोनाच्या सुरुवातीला आयुष मंत्रालयाने हळदीचं दूध घ्यायचा सल्ला दिला. अर्धा चमचा हळद, १५० मिली गरम दूध, दिवसातून एकदा किंवा दोनदा. हळद स्वस्त झाली म्हणून कोणी हे सुरू केलं नाही, हळदीबद्दलचं मत बदललं. त्याच भावात लोक जास्त हळद मागू लागले. वक्र उजवीकडे सरकला.

२०२३-२४ ची गोष्ट मात्र वेगळी. लागवड घटली, पावसाने ओढ दिली, आणि वायदेबाजारात २०२३ च्या सुरुवातीला सात-आठ हजारांच्या आसपास असलेला क्विंटलचा भाव एप्रिल २०२४ मध्ये वीस हजारांच्या घरात गेला. अशा वेळी किराणा दुकानात पाव किलो नेणारी ताई शंभर ग्रॅम मागते. दुकानदार म्हणतो, ‘हळदीला मागणीच राहिली नाही.’ पण तिने भाजीत हळद घालणं सोडलेलं नाही. ती जुन्याच रेषेवर वरच्या ठिपक्याकडे गेली आहे. भाव उतरला की पुन्हा पाव किलोवर येईल.

या फरकावर पुढचा निर्णय ठरतो. हालचाल असेल तर लहान पुड्या करा, महाग माल थोडा थोडा भरा, पण हळद ठेवणं बंद करू नका. वक्रच डावीकडे सरकला असेल, म्हणजे भाव उतरूनही गिऱ्हाईक परत येत नसेल, तर मात्र खरेदीच कमी करावी लागेल.

चूक तिसरी : ‘भाव बदलला’ ऐकलं की हालचाल म्हणणं

समोरच्या दुकानाने पेढा २० रुपयांनी उतरवला आणि तुमचा ४८० लाच आहे. तुमची विक्री १० वरून ७ किलोवर आली. भाव बदलला खरा, पण त्यांचा. तुमच्या कागदावर भाव जागेवरच आहे आणि किलो कमी झाले, म्हणजे तुमचा वक्र डावीकडे सरकला. तसंच ‘पुढच्या आठवड्यात भाव वाढणार’ अशी कुजबुज ऐकून लोक आजच जास्त नेत असतील, तर तेही सरकणंच, कारण आजचा भाव बदललेला नाही.

प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी बऱ्याचदा एकत्र घडतात, आणि नुसती विक्री लिहिली तर त्या वेगळ्या काढता येत नाहीत. म्हणून आजपासून वहीत रोज चार गोष्टी लिहा : तारीख, आपला भाव, किती किलो गेला आणि त्या दिवशी वेगळं काय होतं (सण, पाऊस, समोरची ऑफर). महिनाभराने सारख्या भावाचे दिवस एकत्र काढा. त्यांच्यात जो फरक दिसेल, तो सरकण्यामुळे. मग सारख्याच दिवसांतले वेगळ्या भावाचे आकडे शेजारी ठेवा. तो फरक तुमच्या भावामुळे. पुढच्या सणाला ऑफर लावायची की नुसता माल वाढवायचा, याचं उत्तर याच दोन फरकांत सापडेल.