जांघेची घडी उघडून बघा

आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन आई दवाखान्यात आली. कानाच्या दुखण्यासाठी बाळाला अँटिबायोटिक दिलं होतं, त्यातच जुलाब लागले आणि डायपरखालची कातडी लालभडक झाली. "चार दिवस झिंकचं क्रीम लावतेय डॉक्टर, पण उतरतच नाही."

मी बाळाचे पाय अलगद फाकवून जांघेची घडी उघडली. आत ओलसर, गडद लाल चट्टा होता. त्याच्या कडेला पांढरट पापुद्रे होते आणि चट्ट्यापासून थोडं दूर, मांडीवर, मोहरीएवढे सुटे लाल ठिपके. घडीतली लाली आणि भोवतीचे हे ठिपके दिसले की बहुतेक वेळा कँडिडा ही बुरशी असते. तोंडातही जिभेवर आणि गालाच्या आत न पुसता येणारा पांढरा थर आहे का, तेही मी पाहते.

साधी लाली वेगळी दिसते. शू आणि शी एकत्र साचली की शीतले पाचक रस जास्त तिखट होतात आणि ओल्या, घासलेल्या कातडीला झोंबतात. म्हणून जिथे लंगोट टेकतो तो उंचवटा लाल होतो: ढुंगण, जननेंद्रियाचा वरचा भाग, मांड्या. घड्या मात्र बहुधा कोऱ्या राहतात. डायपर लगेच बदलला, कोमट पाण्याने धुऊन टिपून कोरडं केलं, दिवसातून काही वेळ उघडं ठेवलं आणि झिंक ऑक्साइडचा जाड थर दिला, तर दोन-तीन दिवसांत ती उतरू लागते. तशी न उतरता वाढत गेली, तर घडी पुन्हा उघडून बघायची, कारण सोललेल्या कातडीवर बुरशी सहज बसते. अँटिबायोटिकने तिला आवर घालणारे जंतू कमी झाले की तिचं आणखी फावतं.

या बाळाला एक टक्का क्लोट्रिमाझोल दिलं. दिवसातून दोनदा, कोरड्या कातडीवर पातळ, घडीत आतपर्यंत; ते मुरलं की वर झिंक. प्रत्येक वेळी झिंकचा सगळा थर खरवडून काढायचा नाही, फक्त मळ पुसायचा. मुलगी असल्याने पुसताना हात पुढून मागे न्यायचा. लाली गेल्यावरही औषध काही दिवस चालू ठेवायला सांगितलं, कारण लवकर थांबवलं की बुरशी परत येते.

एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो: मेडिकलमधून आणलेली स्टिरॉइड-बुरशीनाशक-अँटिबायोटिक अशी मिश्र क्रीम. दोन दिवसांत लाली फिकी पडते, म्हणून घरचे खूश होतात. पण डायपरच्या झाकणाखाली जोरकस स्टिरॉइड कितीतरी जास्त शोषलं जातं, कातडी पातळ होते, आणि फार दिवस लावलं तर बाळाच्या शरीरातल्या संप्रेरकांवरही परिणाम होतो. टाल्कम पावडरही नको, ती श्वासातून फुप्फुसात जाते.

पू, फोड, ताप किंवा रक्त दिसलं, बाळ जेमतेम महिन्याचं असेल, किंवा आठवडाभर औषध लावूनही फरक नसेल, तर डॉक्टरांना दाखवावंच. या मुलीचे ठिपके चौथ्या दिवशी सुकले. घडीतली लाली जायला मात्र आणखी आठवडा लागला.