जर्मनीतला पहिला पगार आणि टपालपेटीवरचं नाव

पुण्या-नाशिकहून जर्मनीला एमएस करायला निघालेल्या मुलांच्या घरी तयारी चालते ती व्हिसा, विमा आणि सामानाच्या वजनाची. पैशांचा विचार बहुतेक वेळा एकाच आकड्याशी थांबतो, तो म्हणजे ११,९०४ युरो. सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थी व्हिसासाठी एवढी रक्कम ‘श्पेर्कोन्टो’ म्हणजे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरून दाखवावी लागते. तिथे पोचल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात, त्याहून जास्त काढता येत नाहीत. एक युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर ही रक्कम बारा लाखांच्या घरात जाते.

इथेच पहिली अडचण येते. आपल्याकडून परदेशी पैसे पाठवताना, पाठवणाऱ्याच्या पॅनवर एका आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत टीसीएस लागत नाही. वरच्या रकमेवर बँक तो आधीच कापून घेते. मान्यताप्राप्त बँकेचं शैक्षणिक कर्ज असेल तर तो लागत नाही. घरच्या बचतीतून पैसे जाणार असतील, तर काही कुटुंबं अर्धी रक्कम वडिलांच्या आणि अर्धी आईच्या खात्यातून पाठवतात, कारण मर्यादा प्रत्येकाची वेगळी मोजली जाते. कापलेला टीसीएस बुडत नाही. ज्याच्या पॅनवर कापला त्याच्या आयकर विवरणपत्रात तो वळता होतो किंवा परत मिळतो. पण ऐन निघायच्या महिन्यात काही हजार रुपये जास्त लागतात आणि आईबाबांची धावपळ होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. घर भाड्याने घेताना मालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं डिपॉझिट मागू शकतो आणि महिन्याला ९९२ युरो सोडणाऱ्या खात्यातून ते भरता येत नाही. म्हणून ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर वेगळे दीड-दोन हजार युरो हाताशी हवेतच.

आता पोचल्यानंतरचं. जर्मनीत पैशांची सगळी कामं एकाच धाग्याने बांधलेली आहेत आणि तो धागा म्हणजे पत्ता. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेच्या कार्यालयात जाऊन नाव नोंदवायचं असतं, त्याला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. सोबत घरमालकाने सही केलेलं एक पत्र लागतं, की ही व्यक्ती अमुक तारखेपासून इथे राहते. भाडेकरार दाखवून भागत नाही, ते पत्रच हवं. मित्राच्या खोलीत महिनाभर गादी टाकून राहणाऱ्यांची गाडी नेमकी इथे अडते, कारण मूळ मालक पाहुण्यासाठी असं पत्र देत नाही. घर शोधताना ‘आनमेल्डुंग करता येईल का?’ हा प्रश्न भाड्याच्या आधी विचारावा.

नोंदणी झाली की दोन-तीन आठवड्यांत केंद्रीय कर कार्यालयाकडून टपालाने एक पत्र येतं. त्यात अकरा आकडी कर क्रमांक असतो, ‘श्टॉयर-आयडी’. तो आयुष्यभर एकच राहतो. हे पत्र न मिळाल्याची तक्रार आपली मुलं वारंवार करतात. त्याचं कारण फार साधं असतं. तिथे पोस्टमन फ्लॅटचा क्रमांक बघत नाही, टपालपेटीवरचं आडनाव बघतो. पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव असेल आणि तुमचं नसेल, तर पत्र सरळ परत जातं. किल्ल्या हातात आल्या त्याच दिवशी एका कागदावर आडनाव लिहून पेटीवर आणि दाराच्या बेलवर चिकटवावं. बँकेचं कार्ड आणि त्याचा पिन हेही वेगवेगळ्या पाकिटांतून त्याच पेटीत येणार असतात.

आनमेल्डुंगच्या अर्जात धर्माचा एक रकाना असतो. वसई आणि गोव्याच्या कुटुंबांनी तो नीट समजून घ्यावा. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट अशी नोंद झाली की पगारातून आयकराबरोबर चर्चचा करही कापला जातो. बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये तो आयकराच्या आठ टक्के आहे, इतर राज्यांत नऊ. तो पगारावर नसून आयकरावर असतो, त्यामुळे ज्याचा आयकर शून्य त्याचा हा करही शून्य. हिंदू, बौद्ध, मुस्लिम विद्यार्थ्यांना तो लागत नाही.

खात्याचं काम तुलनेने सोपं आहे. ब्लॉक्ड अकाउंटमधून सुटणारे पैसे आणि पुढे पगार घेण्यासाठी एक साधं चालू खातं लागतं, ‘गिरोकोन्टो’. काही ऑनलाइन बँका व्हिडिओवर ओळख पटवून खातं उघडतात, पण प्रत्येकीला भारतीय पासपोर्ट त्या पद्धतीने चालतोच असं नाही. मग पोस्टात जाऊन पासपोर्ट दाखवायचा पर्याय असतो. बँकेने नकार दिला तर हातपाय गाळू नयेत. कायदेशीररीत्या राहणाऱ्या कोणालाही ‘बाझिसकोन्टो’ हे मूलभूत खातं मागण्याचा हक्क जर्मनीत २०१६ पासून आहे.

कराचं गणित मात्र सावकाश बघू. समजा, नाशिकची एक मुलगी श्टुटगार्टला शिकते. २०२५ हे पूर्ण वर्ष ती तिथेच आहे. अभ्यासक्रमात सक्तीची असलेली सहा महिन्यांची इंटर्नशिप तिने एका कंपनीत केली, महिना २,२०० युरोंवर. वर्षाची कमाई झाली १३,२०० युरो. पगारपत्रकात दर महिन्याला दोनशे युरोंच्या आसपास आयकर कापलेला दिसतो. कंपनीची यात काही चूक नाही. तिथली पद्धत अशी, की प्रत्येक महिन्याचा कर काढताना हाच पगार बाराही महिने मिळणार असं धरलं जातं. प्रत्यक्षात सहाच महिने मिळाला. आता वर्षाचा हिशोब करा. नोकरदाराला खर्चापोटी सरसकट १,२३० युरोंची वजावट मिळते, म्हणजे उरले ११,९७०. २०२५ मध्ये करमुक्त मर्यादा होती १२,०९६ युरो. तिच्यावर त्या वर्षी एक सेंटही आयकर लागत नाही आणि सहा महिन्यांत कापलेले हजार-बाराशे युरो तिचेच आहेत.

पण ते आपोआप परत येत नाहीत. त्यासाठी विवरणपत्र भरावं लागतं आणि तिच्यासारख्याला ते भरण्याची सक्ती नसते, म्हणून पुष्कळ मुलं ते भरतच नाहीत. सरकारी ‘एल्स्टर’ संकेतस्थळावर ते फुकट भरता येतं. सक्ती नसलेल्यांना चार वर्षांची मुदत असते, म्हणजे २०२५ चं विवरणपत्र २०२९ च्या डिसेंबरअखेरपर्यंत चालतं. घरून आलेले किंवा ब्लॉक्ड अकाउंटमधून सुटलेले पैसे कमाई म्हणून दाखवायचे नसतात.

पगारपत्रकावर आणखी एक गोष्ट बघायची, कराचा वर्ग. एकट्या माणसाचा वर्ग १ असतो. मालकाला श्टॉयर-आयडी वेळेत दिला नाही, किंवा एकाच वेळी दोन नोकऱ्या केल्या, की त्या पगारावर वर्ग ६ लागतो. वर सांगितलेल्या पगारावर त्यात अडीचपट कापणी होऊ शकते. रोमन अंकांत VI दिसलं, की त्याच आठवड्यात कंपनीच्या पगार विभागाला लिहावं. ती दुरुस्ती पुढच्या पगारात होते आणि राहिलेलं विवरणपत्रातून वसूल होतं.

मास्टर्स करणाऱ्यांसाठी आणखी एक तरतूद आहे आणि आपल्या मुलांपैकी फार थोड्यांना ती ठाऊक असते. भारतातली पदवी झालेली असल्यामुळे जर्मनीतलं मास्टर्स हे त्यांचं दुसरं शिक्षण ठरतं. सेमिस्टर फी, लॅपटॉप, पुस्तकं असा त्याचा खर्च कमाईपेक्षा जास्त झाला, तर तो तोटा म्हणून नोंदवून पुढे नेता येतो. नोकरी लागल्यावर तो त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा होतो. पावत्या पहिल्या दिवसापासून जपून ठेवाव्यात.

आता घरी पाठवण्याकडे वळू. शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याला परकीय चलन कायद्याखाली अनिवासी मानावं, असं रिझर्व्ह बँकेने २००३ मध्येच स्पष्ट केलं आहे. त्यामुळे गावातलं जुनं बचत खातं एनआरओ करून घ्यायचं असतं. परदेशातल्या कमाईसाठी एनआरई खातं वेगळं उघडता येतं. त्यावरचं व्याज भारतात करमुक्त असतं आणि पैसे हवे तेव्हा परत नेता येतात. एनआरओच्या व्याजावर मात्र तीस टक्के टीडीएस आणि वर अधिभार कापला जातो. कर्जाचा हप्ता फेडायला किंवा आईच्या खात्यात थेट पाठवायलाही हरकत नाही. मुलाने आईवडिलांना पाठवलेल्या पैशांवर त्यांना भारतात कर लागत नाही.

पाठवताना ‘शुल्क शून्य’ या पाटीकडे न बघता घरी किती रुपये पोचतात ते बघावं. समजा, ५०० युरो पाठवायचे आहेत आणि त्या दिवशी बाजारातला दर १०० रुपये आहे. एक कंपनी शुल्क घेत नाही, पण दर ९७.५० देते, म्हणजे घरी ४८,७५० रुपये पोचले. दुसरी चार युरो शुल्क घेते आणि उरलेल्या ४९६ युरोंना पूर्ण दर देते, म्हणजे ४९,६०० पोचले. फरक साडेआठशे रुपयांचा. दर महिन्याला हप्ता पाठवणाऱ्याच्या हातातून वर्षात दहा हजार रुपये नकळत जातात.

याहून मोठा धोका ओळखीच्या गटांमध्ये असतो. ‘तू मला इथे युरो दे, माझे वडील तुझ्या घरी रुपये देतील’ ही देवघेव सोयीची वाटते, पण ती बँकेच्या मार्गाबाहेरची आहे आणि आपल्या परकीय चलन कायद्यात बसत नाही. त्याहून वाईट म्हणजे घरबसल्या काम म्हणून कोणीतरी तुमच्या खात्यात पैसे भरतं आणि थोडी दलाली ठेवून ते पुढे पाठवायला सांगतं. ते पैसे बहुधा कोणाच्या तरी फसवणुकीचे असतात. खातं गोठतं, पोलिसांचं पत्र येतं आणि काळ्या पैशाच्या गुन्ह्यात नाव खातेदाराचं लागतं. नव्या मुलाच्या निवास परवान्यावर त्याचं सावट पडतं.

नोकरी पक्की झाल्यावर, घरी पाठवलेल्या पैशांचा जर्मनीतल्या करातही उपयोग होऊ शकतो. आईवडिलांना स्वतःचं उत्पन्न नसेल किंवा फार थोडं असेल, तर त्यांच्या पोषणापोटी पाठवलेली रक्कम तिथल्या विवरणपत्रात वजावट म्हणून मागता येते. राहणीमान पाहून जर्मनीने देशांचे गट केले आहेत. भारतासाठी जर्मन मर्यादेच्या एक चतुर्थांश रक्कम धरली जाते, म्हणजे २०२५ साठी प्रत्येकी ३,०२४ युरो. त्यासाठी आईवडिलांची गरज सांगणारा ठरावीक नमुना इथल्या सरकारी कार्यालयातून प्रमाणित करून जोडावा लागतो. २०२५ पासून यात रोख दिलेले पैसे धरले जात नाहीत, रक्कम त्यांच्या नावच्या बँक खात्यात जमा झालेली दिसली पाहिजे. म्हणून दिवाळीला गावी येताना पाकिटात युरो आणण्यापेक्षा ते आधीच आईच्या खात्यावर पाठवून ठेवावेत.