दोन किलोच्या सतरंजीतलं पाणी

चार फूट बाय सहा फुटांची सुती सतरंजी कोरडी असताना साधारण दोन किलो भरते. ती पाण्यात पूर्ण भिजू द्या आणि न पिळता उचला. हातात सहा-सात किलोंचं ओझं येतं. कापसानं स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त पाणी धरून ठेवलेलं असतं. घट बसण्याआधी घरातलं जाडंभरडं सगळं धुऊन काढायचं ही आपल्याकडची जुनी रीत. पूर्वी हे धुणं नदीवर जायचं आणि तिथे पिळायला दोन माणसं लागायची. आता ते काम मशीन करतं, पण पाणी तेवढंच असतं. पडदे आणि सतरंज्या धुताना येणाऱ्या बहुतेक अडचणी या पाण्यामुळेच येतात.

हे पाणी दोन ठिकाणी असतं. बरंचसं धाग्याधाग्यांमधल्या फटींत अडकलेलं असतं. उरलेलं थेट कापसाच्या तंतूच्या भिंतीत शिरतं आणि तंतू फुगतो. गंमत अशी, की तो जाडीला चांगलाच फुगतो, लांबीला मात्र जवळजवळ वाढत नाही. आणि ओला कापूस कोरड्यापेक्षा जास्त मजबूत असतो! व्हिस्कोसचं नेमकं उलट होतं, भिजलं की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. म्हणून पडद्याच्या कापडात व्हिस्कोस असेल तर ओला पडदा ओढायचा नाही, पिळायचा तर नाहीच.

कापड आटतं तेही या फुगण्यामुळेच. विणताना धागे ताणलेले असतात. पहिल्या धुण्यात तो ताण सुटतो. शिवाय आडवे धागे जाड झाल्यामुळे उभ्या धाग्यांना त्यांच्यावरून वळसा घालताना जास्त अंतर कापावं लागतं. धागा तेवढाच, वळसा मोठा, म्हणून कापड तोकडं. तंतू आखूड झालेला नसतोच! आधी आटवून न घेतलेलं सुती कापड चार टक्के आटलं, तरी सात फुटी पडदा सव्वातीन इंचांहून जास्त वर जातो. आतून पॉलिएस्टरचं अस्तर असेल तर ते आटत नाही आणि पडद्याखाली लोंबू लागतं. म्हणून नवा सुती पडदा शिवण्याआधीच कापड भिजवून घ्यावं. शिवलेला असेल तर गार पाण्यात, नाजूक कपड्यांच्या सेटिंगवर धुवावा.

धुण्याआधी मात्र हे सगळं कोरडंच झटकायला हवं. सतरंजीच्या विणीत बसलेली माती पाणी लागताच चिखल होते आणि धाग्यांत आणखी खोल जाते. गडद रंगाच्या सतरंजीचा एक कोपरा ओला करून त्यावर पांढरा रुमाल दाबून पाहावा. रुमालावर रंग उतरला, तर ती एकटीच धुवायची. पडद्याची खिडकीकडची घडी बोटांत धरून हलकेच ताणून पाहावी. वर्षानुवर्षं ऊन खाल्लेला कापूस तिथेच विरतो आणि मशीनमध्ये तिथेच फाटतो.

आता स्पिन. घरातल्या पुढून उघडणाऱ्या मशीनच्या ड्रमची त्रिज्या साधारण २४ सेंटिमीटर धरली, तर मिनिटाला साठेक फेऱ्यांपर्यंत कपडे वर जाऊन खाली पडतात. तेवढ्यात धुणं होतं. त्याहून वेग वाढला की ते भिंतीला चिकटून राहतात. ४०० फेऱ्यांना भिंतीवरचा एक किलो माल ४३ किलोंच्या जोरानं बाहेर रेटतो, ८०० ला सुमारे १७० किलोंच्या आणि १२०० ला जवळपास ३९० किलोंच्या. वेग तिप्पट केला की जोर नऊपट होतो.

एवढ्या जोरानं पाणी किती निघतं? आपली दोन किलोची सतरंजी ४०० फेऱ्यांना पिळली, तर तिच्यात साधारण दोन लिटर पाणी उरतं. ८०० ला दीड लिटरच्या आत, १२०० ला लिटरभर. म्हणजे ८०० वरून १२०० वर नेताना जोर सव्वादोन पट होतो आणि हाती येतं जेमतेम तीन-चारशे मिलिलिटर पाणी. फटींतलं पाणी आधी निघून गेलेलं असतं. तंतूच्या भिंतीत शिरलेलं पाणी असं भिरकावून निघतच नाही, ते वाळूनच जावं लागतं. म्हणून जड कापडाला मंद स्पिन पुरतो. सतरंजीला ४०० ते ६००, अस्तराच्या पडद्याला ४००.

शिवाय सतरंजी एकसंध असते. शर्ट-चादरी ड्रमभर पसरतात, ती मात्र एका बाजूला गोळा होऊन बसते. मशीन आधी मध्यम वेगानं फिरून तोल अजमावतं; वजन एकीकडे असेल तर कपडे खाली पाडून पुन्हा पसरवायचा प्रयत्न करतं. स्पिन पुन्हा पुन्हा सुरू होऊन थांबतो, तेव्हा हेच चाललेलं असतं. अशा वेळी वेग वाढवायच्या भानगडीत पडू नये. मशीन थांबवून सतरंजी काढावी, लांब पट्टीसारखी घडी घालावी आणि दोन ओले टॉवेल सोबतीला द्यावेत. वरून उघडणाऱ्या किंवा सेमी-ऑटोमॅटिक मशीनमध्ये ती पट्टी भिंतीलगत गोल बसवावी, मधली जागा मोकळी ठेवावी. रबराची पाठ असलेलं पायपुसणं किंवा प्रकाश अडवणाऱ्या लेपाचा पडदा मात्र स्पिनमध्ये घालूच नये. त्यांतून पाणी आरपार जात नाही, घडीत साचून राहतं आणि भर वेगात एकदम सुटलं, तर तोल तिथल्या तिथे बिघडतो.

धुण्याआधी पडद्याचे हुक का काढायचे, तो हिशेब आता सहज कळेल. पाच ग्रॅमचा लोखंडी हुक १२०० फेऱ्यांना जवळजवळ दोन किलोंच्या जोरानं कापडावर दाबला जातो. त्याचं टोक विणीत घुसतं, ड्रमच्या भोकात अडकतं. निसटलेला हुक रबरी कडेत किंवा पंपापर्यंत पोहोचतो. ओल्या कापसात राहिला तर गंजाचा तपकिरी ठिपका सोडतो. त्या ठिपक्यावर क्लोरीनचं ब्लीच टाकू नये, तो आणखी पक्का होतो. लिंबाचा रस लावला तर फिकट होतो. हुक काढताना वरच्या पट्टीची चुण्यांची दोरीही सोडावी, म्हणजे कापड सपाट होऊन त्यात अडकलेला साबण निघून जातो. पक्क्या बसवलेल्या रिंगा निघत नाहीत. त्या सगळ्यांतून एक नाडी ओवून बांधाव्यात आणि तो गठ्ठा उशीच्या अभ्र्यात कोंबून अभ्र्याचं तोंड बांधावं.

धुतलेला सुती पडदा दोरीवर न टाकता ओलसर असतानाच दांडीवर टांगावा, खाली जुनं फडकं पसरून. फुगलेल्या तंतूंनी आटवलेलं कापड त्याच पाण्याच्या वजनानं थोडंफार परत ताणलं जातं, चुण्याही उतरतात. लोखंडी हुक असतील तर वरची पट्टी पूर्ण वाळेपर्यंत मात्र तो दोरीवर चिमट्यांनी अडकवावा.

सतरंजी एका दोरीवर दुमडून टाकली तर आतली बाजू ओली राहते. फूटभर अंतराच्या दोन दोऱ्यांवर टाकली की मधून वारा खेळतो. ऑक्टोबरच्या उन्हातही काठ आणि गोंडे सगळ्यांत शेवटी वाळतात. वाळली की नाही हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून जाड काठ गालाला लावून पाहावा. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, त्यामुळे आत ओल असेल तर कोरडा दिसणारा काठही गार लागतो. गार लागला तर घडी घालायची नाही; कपाटात दोन-चार दिवसांत कुबट वास येतो, पुढे बुरशीचे काळे ठिपके उमटतात आणि ते धुऊनही सहसा जात नाहीत.